नावाआधी फोटो बघा
समाजमाध्यम कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
भारतातील समाजमाध्यम कंपन्यांचे तक्रार निवारण अधिकारी

महोदय, महोदया,



गौरी-गणपतीला पंधरा-वीस दिवस उरले की घरून साड्या विकणाऱ्या बायकांचे फोन सकाळपासून वाजू लागतात. याच दिवसांत त्यांच्या नावाची दुसरी खातीही उगवतात. नाव तेच, साड्या त्याच, पदर धरून उभी असलेली मुलगीही तीच. पैसे मात्र भलत्याच माणसाच्या खात्यात जातात. हे पत्र त्या खात्यांबद्दल आहे. ती बंद करण्याचा निर्णय ज्यांच्या टेबलावर होतो, त्या आपल्याला ते लिहिलं आहे.

येवल्यातली एक विक्रेती डोळ्यांपुढे आणावी. हे कोणा एका बाईचं वर्णन नाही. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम सांगता यावा म्हणून घेतलेला नमुना आहे. हातमागावरची रेशमी पैठणी तिच्याकडे मोजकीच असते, कारण ती महाग आणि विणायला वेळ लागणारी. रोजचं पोट चालतं ते सेमी-पैठणीवर, दोन-अडीच हजारांच्या साड्यांवर. फोटो ती स्वतः काढते. दुपारच्या उन्हात जरीचा रंग पांढरा पडतो म्हणून सकाळी आठच्या आत, गच्चीवर, पुतणीला नेसवून. इन्स्टाग्रामवर तिला काही हजार लोक फॉलो करतात आणि दुकानाचं भाडं नसल्यामुळे तेच तिचं दुकान आहे.

भामटा यातलं काहीच नव्याने बनवत नाही. तो तिचे फोटो उतरवून घेतो, तिनेच लिहिलेलं वर्णन चिकटवतो आणि नावात डोळ्याला चटकन न दिसणारा फरक करतो. `m` च्या जागी `rn` टाकतो, एका अधोरेषेच्या दोन करतो किंवा शेवटी `official` जोडतो. मग तो जे करतो ते सर्वांत महत्त्वाचं: मूळ विक्रेतीलाच ब्लॉक करतो. त्यामुळे तिला ते खातं शोधूनही सापडत नाही. गिऱ्हाईक फोन करून भांडतं तेव्हा तिला पहिल्यांदा कळतं, आणि खात्री करायला तिला भावाचा किंवा शेजारणीचा फोन मागावा लागतो.

गिऱ्हाईक शोधायलाही त्याला कष्ट नाहीत. तिच्या प्रत्येक फोटोखाली `Pp` लिहून किंमत विचारणाऱ्या बायका असतात. त्यांनाच तो निरोप धाडतो: ताई, सणाची ऑफर आहे, आजच्या दिवस 1,199, कुरिअर मोफत. सोबत क्यूआर कोड. पैसे आले की दुसरा निरोप येतो, पार्सल अडकलंय, जीएसटीचे 350 भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. गिऱ्हाईक तेही भरतं, कारण पहिले पैसे अडकलेले असतात. त्यानंतर तिलाही ब्लॉक. मग ती बाई मूळ खात्यावर येऊन सगळ्यांसमोर लिहिते की हे लोक चोर आहेत. पैसे बुडाले गिऱ्हाइकाचे आणि नाव गेलं विक्रेतीचं.

आता आपल्या दाराशी काय होतं ते पाहू. विक्रेती ॲपमधलं तक्रारीचं बटण दाबते, तोतयेगिरीचा पर्याय निवडते आणि थांबते. बऱ्याचदा यंत्राने लिहिलेलं उत्तर येतं की या खात्याने नियमांचा भंग केलेला नाही. ती मग शंभर मैत्रिणींना सांगते की सगळ्याजणी तक्रार करा. तक्रारी वाढतात पण त्यांचं वजन वाढत नाही, कारण शंभर जणींनी तीच पुराव्याविना तक्रार केलेली असते. भामटाही उलट तक्रार करू शकतोच. दोन सारखी खाती, दोघांच्याही तक्रारी, आणि तपासणाऱ्यापुढे कागद कोणाचाच नाही. अशा वेळी मूळ खातंच अडचणीत येण्याची भीती खरी असते.

पुढची पायरी ट्रेडमार्कची. कंपन्यांच्या ट्रेडमार्क-तक्रारीच्या फॉर्मात नोंदणी क्रमांक विचारला जातो, आणि मेटाचं ब्रँडच्या संरक्षणाचं खास साधन तर नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तरच मिळतं. छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी 4,500 रुपयांत करता येतो, ते परवडू शकतं. वेळ मात्र परवडत नाही. अर्जाची तपासणी होते, तो जर्नलमध्ये छापला जातो, त्यानंतर आक्षेपांसाठी चार महिने ठेवावे लागतात आणि मग प्रमाणपत्र. गणपती तोवर येऊन जातात. शिवाय गावाचं नाव आणि वस्तूचं नाव जोडून केलेलं दुकानाचं नाव नोंदवून मिळणंच अवघड असतं, कारण ते वर्णनपर आहे आणि पैठणी ही तर भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे. ते नाव कोणा एकीच्या मालकीचं होऊ शकत नाही, होऊही नये.

म्हणून या बाईच्या हातातला बळकट कागद म्हणजे तिचा फोटो. हे पत्र लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे. नावावर हक्क सांगायला तिला नोंदणीची वाट पाहावी लागते. फोटोवर हक्क तिने बटण दाबलं त्या क्षणी मिळतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो हा कलाकृती म्हणून धरला आहे, तो काढणारी व्यक्ती त्याची कर्ती ठरते, आणि हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. संरक्षण मिळतं ते कर्तीच्या हयातभर आणि तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षं.

यात एक बारकावा आहे आणि तो विक्रेत्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे. फोटो पैसे देऊन स्टुडिओवाल्याकडून काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याच्या 17 व्या कलमानुसार पहिला मालक पैसे देणारा असतो. पण भाच्याने हौसेने, फुकट काढून दिला असेल तर मालक भाचा. अशा वेळी त्याच्याकडून सहीनिशी हक्क लिहून घ्यावा लागतो, नाहीतर तक्रारीत ‘फोटो माझा आहे’ असं म्हणणं चुकीचं ठरतं. एका पानाचं काम आहे, पण ते भांडण उभं राहण्याआधी करायचं.

न्यायालयांनीही कॉपीराइटचं बळ मानलं आहे. 2015 च्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मध्यस्थ कंपनीला मजकुराची ‘माहिती झाली’ असं म्हणायला न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा. अभिव्यक्तीच्या दृष्टीने तो निर्णय मोलाचा होता. त्याची ढाल करून ‘आदेश आणा’ असं साडीवालीलाही सांगता येतं. परंतु 2016 मध्ये मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कॉपीराइटची वाट वेगळी काढली. तिथे न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. हक्कदाराने नेमक्या ठिकाणांचा निर्देश करून सूचना दिली की कंपनीला माहिती झाली असं धरायचं. ‘नेमक्या’ या अटीवर सगळं अवलंबून आहे. ‘माझे सगळे फोटो चोरलेत’ असं कळवणं पुरेसं नाही, हा फोटो या दुव्यावर आणि त्याचं मूळ त्या दुव्यावर, असं जोडीजोडीने द्यावं लागतं.

ही जोडी कशी तयार करायची, ते येवल्याच्या नमुन्यावरच पाहू. विक्रेती दुसऱ्या फोनवरून बनावट खातं उघडते. स्क्रीनशॉट घेतेच, पण तेवढ्यावर थांबत नाही. खात्याचा दुवा नावावर चालतो; भामट्याने नाव बदललं की तो दुवा मेला. एकेका पोस्टचा दुवा, `instagram.com/p/` ने सुरू होणारा, नाव बदललं तरी तोच राहतो. म्हणून ती दहा-बारा पोस्टचे दुवे उतरवून घेते आणि प्रत्येकासमोर स्वतःच्या मूळ पोस्टचा दुवा आणि तारीख लिहिते. ‘या खात्याबद्दल’ या पर्यायात खातं कधी उघडलं आणि आधी किती वेळा नाव बदललं हे दिसत असेल तर त्याचाही फोटो. चार वर्षांचा धंदा सांगणारं खातं गेल्या महिन्यात जन्मलेलं असतं, हा पुरावा आयता मिळतो.

त्यानंतर ती फोनमधली मूळ फाइल काढते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत चालत नाही, त्यातून तारीख-वेळेची माहिती गळून जाते. आणि सर्वांत खणखणीत पुरावा म्हणजे न टाकलेले फोटो. त्या सकाळी गच्चीवर तिने त्याच साडीचे वीस-पंचवीस फोटो काढले होते. त्यातले दोन टाकले. डोळे मिटलेला, पदर वाऱ्याने उडालेला, कठड्यावर कावळा बसलेला, असे बाकीचे सगळे तिच्या फोनमध्ये आहेत. भामट्याकडे ते असूच शकत नाहीत.

कॉपीराइटचा फॉर्म भरताना मात्र एक धोका आहे आणि त्याबद्दल कंपन्यांनी अधिक ठळकपणे सांगायला हवं. मेटाच्या पद्धतीत तक्रारदाराचं नाव आणि ईमेल समोरच्या माणसाला कळवलं जाऊ शकतं. म्हणजे घरून धंदा करणाऱ्या बाईचा ईमेल पत्ता आपण भामट्याच्या हाती देतो. म्हणून तिने धंद्याच्या नावाचा वेगळा ईमेल आधीच काढून ठेवावा आणि तोच फॉर्ममध्ये द्यावा.

ॲपमधलं बटण दाबणं आणि आपल्याकडे, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार करणं यातला फरक बहुतेक विक्रेत्यांना ठाऊकच नसतो. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रारीची पोच 24 तासांत देणं बंधनकारक केलं आणि निकालासाठी सुरुवातीला 15 दिवसांची मुदत ठेवली. 2022 च्या दुरुस्तीने तोतयेगिरीसारख्या तक्रारींसाठी ती त्या वेळी 72 तासांवर आणली, पण त्यातून कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या तक्रारी वगळल्या. म्हणजे एकाच गुन्ह्याची दोन घड्याळं झाली: तोतया म्हणून तक्रार केली तर लवकरचं, फोटोचोर म्हणून केली तर सावकाशीचं. ज्या रकान्यात पुरावा भक्कम, त्याच रकान्याला मुदत लांब. म्हणून जाणकार दोन्ही तक्रारी एकाच दिवशी करायला सांगतात आणि एकीचा क्रमांक दुसरीत लिहायला सांगतात.

आपलं उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर `gac.gov.in` वर तक्रार अपील समितीकडे जाता येतं. केंद्राने या समित्या जानेवारी 2023 मध्ये नेमल्या. अपिलाला आपलं उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत असते. पण अपील करायला आपल्याकडच्या तक्रारीचे तपशील लागतात, नुसत्या बटणावर ते होत नाही. आपल्या संकेतस्थळांवर आपला पत्ता कुठे दडवलेला असतो, हे आपण एकदा साध्या मोबाइलवरून, मराठीत शोधून पाहावं अशी विनंती आहे.

मोठ्या कंपन्या ही सगळी उठाठेव करत नाहीत. अमूलच्या नावाने खोटी फ्रँचायझी वाटणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध अमूलची विक्री सांभाळणारी गुजरातची सहकारी संस्था 2020 मध्ये थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डाबरनेही तेच केलं. प्रतिवादी कोण हे माहीत नसेल तर त्याला ‘अशोक कुमार’ हे नाव देऊन खटला उभा राहतो आणि न्यायालय संकेतस्थळं रोखण्याचे आदेश देतं. ती सोय कायद्याने येवल्याच्या बाईलाही आहे. पण दिल्लीतल्या वकिलाची एका तारखेची फी तिच्या महिन्याच्या नफ्याहून जास्त असते, म्हणून तिच्यासाठी आपलं टेबल हेच न्यायालय आहे.

पैशांची वाट याहून वेगळी आहे आणि ती घाईची आहे. फसलेल्या गिऱ्हाइकाने 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो किंवा `cybercrime.gov.in` वर नोंद करायची असते. सोबत व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी. तक्रार वेळेत गेली तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. उशीर झाला की ते भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघून जातात. इथे विक्रेतीची पंचाईत अशी की पैसे तिचे गेलेले नसल्यामुळे ही तक्रार तिला करता येत नाही. ज्या ज्या गिऱ्हाइकाचे गेले तिनेच ती करायची. विक्रेतीची तक्रार वेगळी, तोतयेगिरीची: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 सी आणि 66 डी, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलिस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, त्यामुळे ठाण्यात ‘साहेब आल्यावर या’ हे ऐकावं लागतं. अशा वेळी गिऱ्हाइकांच्या 1930 च्या तक्रारींचे क्रमांक गोळा करून एकत्र दिले तर तपासाला धागा मिळतो, कारण भामट्यापर्यंत नेणारी वस्तू इन्स्टाग्रामचं खातं नसून तो यूपीआय आयडी आणि त्यामागचं बँक खातं आहे.

खातं बंद झालं तर पुरावा नष्ट होईल, म्हणून तक्रारच करू नका असाही एक सल्ला फिरतो. तो चुकीचा आहे. काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणीची माहिती 180 दिवस जपून ठेवणं 2021 च्या त्याच नियमांनी आपल्यावर बंधनकारक आहे. पोलिसांनी त्या मुदतीत मागणी करायला हवी, एवढंच.

गिऱ्हाइकाला ओळखायची एक खूण हल्ली पक्की झाली आहे. 30 जून 2025 पासून यूपीआय ॲपवर पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसलं पाहिजे असा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाचा दंडक आहे. भामटा खात्याला हवं ते नाव देईल, पण इथे कोणा अनोळखी पुरुषाचं नाव उमटतं. याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा खरं नाव गिऱ्हाइकाला आधीपासून ठाऊक असेल. म्हणून विक्रेतीने उद्यम नोंदणी करून, जी मोफत आहे, दुकानाच्या नावाने चालू खातं उघडावं आणि ‘पैसे फक्त या नावावर’ ही ओळ परिचयातच लिहावी. पिन गिऱ्हाइकाने स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे नंतर बँकेकडून भरपाई मिळवणं फार कठीण जातं. पडद्यावरचं ते नाव वाचण्याचा क्षण चुकवून चालत नाही.

आता आपल्याकडून काय हवं ते. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

कोणता फोटो आधी चढवला गेला हे आपल्या यंत्रांना माहीत आहे. मूळ पोस्ट आपल्याच सर्व्हरवर आहे, तारखेसकट. तरीही पुरावा आणण्याचं ओझं त्या बाईवर का? एखाद्या खात्यावरचे बहुतेक फोटो दुसऱ्या जुन्या खात्याचे असतील, त्याने त्याच जुन्या खात्याला ब्लॉक केलं असेल आणि ते महिन्याभरापूर्वीचं असेल, तर या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ते खातं माणसाने तपासलंच पाहिजे. एकेक फोटो काढून टाकण्यात अर्थ नाही. भामटा दोनशे फोटोंतले बारा गमावून उरलेल्यांवर धंदा चालू ठेवतो. तक्रार खात्याची मानावी. तक्रार प्रलंबित असताना त्या खात्याचं नाव बदलू देऊ नये. आणि महिन्याला पैसे भरून निळी खूण घ्या म्हणजे तुमची तक्रार लवकर ऐकू, असं छोट्या विक्रेत्याला सुचवणं बंद करावं. चोरी झालेल्याने आधी वर्गणी भरायची ही रीत न्यायाची नाही.

शेवटची मागणी गिऱ्हाइकांसाठी आहे, आणि ती सर्वांत निकडीची. बनावट खातं आपण बंद करता तेव्हा त्याने कोणाकोणाला निरोप धाडले होते, याची यादी आपल्यापाशी असते. आज ते खातं नुसतं नाहीसं होतं. साडीची वाट पाहणारी बाई आणखी चार दिवस कुरिअरची वाट पाहते, आणि त्या चार दिवसांत तिचे पैसे हाती लागण्यापलीकडे जातात. खातं बंद करताच त्या प्रत्येकीला तिच्या भाषेत कळवा की हे खातं तोतया होतं, पैसे दिले असतील तर आत्ता 1930 ला फोन करा, आणि खरं खातं हे आहे.

कळावे,
घरून धंदा करणाऱ्यांच्या वतीने